शब्दचर्चा: मॉडेलमधल्या ‘ट्रेडऑफ’ला तडजोड म्हणावं का?

आरती (फोंडा): पणजीतल्या एका हॉटेल समूहात डेटा सायन्सच्या जागेसाठी मुलाखत आहे. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारणाऱ्या बाई ऑपरेशन्सच्या आहेत, कोडिंगशी संबंध नाही, आणि बोलणं बहुधा मराठी-कोंकणी मिसळूनच होईल. माझा प्रोजेक्ट म्हणजे कुठलं बुकिंग रद्द होईल याचा अंदाज. पोर्तुगालच्या दोन हॉटेलांचा 2015 ते 2017चा जो डेटा सगळे वापरतात, त्यावरच केलाय. प्रिसिजन वाढवलं की रिकॉल घटतो, हे मला मराठीत सांगायचंय. ‘या मॉडेलमध्ये एक तडजोड आहे’ असं म्हटलं तर चालेल का? आणि प्रिसिजन-रिकॉलला काय म्हणू?

वामन, डिचोली: प्रिसिजन म्हणजे अचूकता, रिकॉल म्हणजे आठवण किंवा स्मरण. तडजोड बरोबरच आहे. जाळ्याचं उदाहरण दे, गोव्यात सगळ्यांना कळेल. बारीक विणीचं जाळं टाकलं तर मासळी जास्त, पण कचराही जास्त. मोठ्या विणीत कचरा कमी, मासळीही कमी.

म्हापशेकर: वामनबाब, जाळं ठीक आहे, पण ‘अचूकता’ तिला अडचणीत आणेल. ॲक्युरसीलाही आपण अचूकताच म्हणतो आणि बाई बहुतेक तेच पहिलं विचारतील, “किती टक्के बरोबर सांगतं?” मग एकाच शब्दाखाली दोन वेगळे आकडे. ‘स्मरण’ ऐकून तर मॉडेलला आठवतं काय, असंच वाटेल. मी दोन्ही शब्द टाकून सरळ वाक्य बोलेन: ‘रद्द होणार म्हणून आम्ही दाखवलेल्या शंभरातली खरंच किती झाली’ आणि ‘खरंच रद्द झालेल्या शंभरातली आम्ही आधी किती पकडली’. लांब आहे, पण परत समजावावं लागत नाही.

‘तडजोड’बद्दल माझी शंका वेगळी. आपल्याकडे तडजोड दोन पक्षांत होते, नाहीतर परिस्थितीपुढे माणूस करतो. ‘मॉडेलमध्ये तडजोड केली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कामात कुठेतरी कमी ठेवली. इथे कमी ठेवलेली नाही. दोन प्रकारच्या चुका आहेत, एक कमी केली की दुसरी वाढते, आणि कुठली परवडते ते हॉटेलने ठरवायचं. जाळ्यात नेमकं हेच येत नाही. कचरा वेचायला किती लागतं आणि हुकलेली मासळी कितीची, हे कळल्याशिवाय वीण कशी ठरवणार?

सुनील प्र.: मी बँकेत आहे. आमच्याकडे ट्रेडऑफचा अर्थ वेगळाच घेतात. कर्ज नाकारलं तर कारण सांगता आलं पाहिजे, म्हणून थोडं कमी चांगलं पण समजणारं मॉडेल ठेवतात. आरतीने तेच सांगावं ना?

म्हापशेकर: तोही ट्रेडऑफच, पण तिने विचारलेला नव्हे. आरती, आकडे मांडून बघ. हे कल्पित आहेत, पण हिशेब असाच बसतो. बुकिंगं 1000, त्यातली 250 रद्द होणार. मॉडेल प्रत्येकाला 0 ते 1मधला एक आकडा देतं, आणि ठरवलेल्या रेषेच्या वर गेलं की ती खोली आपण दुसऱ्याला विकतो. चुकून विकली तर पाहुणा दारात उभा: दुसऱ्या हॉटेलात खोली, टॅक्सी, मनधरणी, धरू 9000 रुपये. रद्द होणारं बुकिंग हुकलं तर खोली रिकामी, 4000चं नुकसान.

रेषा 0.5वर ठेवली तर 200 बुकिंगं वर येतात, 145 बरोबर, 55 चूक, आणि 105 हुकतात. नुकसान 9,15,000. रेषा 0.7वर नेली तर 100 येतात, 85 बरोबर, 15 चूक, 165 हुकतात. नुकसान 7,95,000. रेषा 0.3वर आणली तर 350 येतात, 205 बरोबर, 145 चूक, फक्त 45 हुकतात. नुकसान 14,85,000.

आता मॉडेलच नसतं तर? 250 खोल्या रिकाम्या, 10,00,000. म्हणजे 0.3वर मॉडेल वापरण्यापेक्षा न वापरलेलं स्वस्त! आणि गंमत बघ, एकूण बरोबर उत्तरं 0.3वर 81 टक्के, मॉडेल नसताना 75. सगळ्यात जास्त 0.5वर, 84 टक्के, पण तिथेही 0.7पेक्षा एक लाख वीस हजार जास्त जातात. बाईंनी ‘किती टक्के बरोबर’ विचारलं की इथेच घेऊन ये.

आरती (फोंडा): हे कळलं. पण 0.7च का? मी तर `predict()`चं उत्तर तसंच घेतलं होतं.

म्हापशेकर: ते 0.5वरच कापतं, त्याला तुझ्या खोल्यांचा भाव माहीत नाही. रेषा खर्चावरून काढायची: 9000 / (9000 + 4000), म्हणजे साधारण 0.69. अट एकच, मॉडेलचा आकडा खरा हवा. ज्यांना 0.7च्या आसपास मिळाले त्या शंभरातली सत्तरेक खरंच रद्द झाली का, ते मोजून बघ. रद्द बुकिंगं कमी म्हणून त्यांना जास्त वजन देऊन शिकवलं असशील, तर आकडे फुगलेले असतात आणि हे सूत्र फसतं.

शीतल, फ्रंट ऑफिस: मी कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शन सांभाळते. तुमचा हिशेब वाचला, पण दारात उभा राहणारा प्रत्येक पाहुणा आम्ही बाहेर पाठवत नाही हो. त्याच रात्री दुसरं कुणीतरी न सांगता येत नाही, त्याची खोली याला देतो. गेस्टला वॉक करावं लागतं ते सगळीकडून फुल्ल असताना, डिसेंबरच्या शेवटी. आणि जुलैत निम्मं हॉटेल रिकामं. तेव्हा रद्द झालेली खोली परत विकणार कुणाला? मला कुणी मुलाखतीत 9000 नि 4000 सांगितले तर मी आधी विचारीन, कुठल्या महिन्याचे?

म्हापशेकर: हे माझ्या हिशेबात नव्हतं. म्हणजे एकेका बुकिंगचा हिशेब पुरा पडत नाही, रात्रीप्रमाणे खोल्या मोजायला हव्यात. आरती, हे आकडे तू सांगूच नकोस. बाईंनाच विचार, “पाहुण्याला दुसरीकडे पाठवायला तुम्हाला काय पडतं?” आणि त्यांच्या आकड्यावर रेषा सरकवून दाखव.

शीतल, फ्रंट ऑफिस: आणि खोली विकायच्या आधी आम्ही फोन करतो. “येताय ना?” एवढंच.

म्हापशेकर: मग सगळंच फिरतं. एका फोनला समज 50 रुपये. 0.3वरचे 350 फोन म्हणजे 17,500. खोली परस्पर विकायची तर जी रेषा बुडवते, तीच इथे कामाची. अर्थात फोनवर ‘येतो’ म्हणून न येणारे किती, हा प्रश्न राहतोच.

शीतल, फ्रंट ऑफिस: पुष्कळ.

वामन, डिचोली: बरं, जाळं गेलं. पण शब्द काय ठरला? तडजोड नाही तर काय? ‘देवघेव’?

म्हापशेकर: देवघेवीत समोर कुणीतरी लागतो. मी ‘एकीकडे ओढलं की दुसरीकडे कमी पडतं’ म्हणतो, पण तो काही शब्द झाला नाही.

सुनील प्र.: ट्रेडऑफच म्हणा, बँकेत सगळे म्हणतात.

आरती (फोंडा): ‘कुठली चूक परवडते’ असं म्हणून सुरुवात केली तर?

शीतल, फ्रंट ऑफिस: ते मला लगेच कळलं असतं. पण मला परवडते ती मालकांना परवडेलच असं नाही. दारातल्या पाहुण्याचं बोलणं आम्ही खातो, रिकामी खोली त्यांच्या वहीत दिसते.