अनुभव धागा : बिल स्वतःच्या नावावर निघालं, आता कंपनीच्या नावाचं जीएसटी बिल कसं मागायचं?

शुभदा_क
काउंटरवर मोबाइल नंबर सांगितला की बिल त्या माणसाच्या नावावर निघतं आणि मग अकाउंट्सवाले ते परत पाठवतात. उदाहरण एकच धरू, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. पुण्यातलं दुकान, ऑफिससाठी लॅपटॉप, बिलाची तारीख २४ जुलै. किंमत ६०,०००, सीजीएसटी ५,४००, एसजीएसटी ५,४००, एकूण ७०,८००. म्हणजे कंपनीला आपल्या करातून वजा करता येणारं १०,८०० रुपयांचं क्रेडिट अडकलंय. अशा वेळी दुकानाला साधारण अशी मेल जाते :

"सर, परवा तुमच्याकडून लॅपटॉप घेतला. बिल माझ्या नावावर आलं आहे. नाव बदलून त्याच तारखेचं जीएसटी बिल कंपनीच्या नावाने द्यावे. अर्जंट आहे."

या मेलला बहुतेकदा उत्तरच येत नाही. ती कशी सुधारायची ते बिलिंग, अकाउंट्स आणि सीए मंडळींनी लिहावं.

काउंटरवरून
बिलिंगला बसणाऱ्याच्या बाजूने सांगतो. या मेलमध्ये बिल नंबर नाही, सिरियल नंबर नाही, कंपनीचा जीएसटी नंबर नाही. प्रत्येक गोष्टीसाठी उलट फोन करावा लागणार, म्हणून ती बाजूला पडते.

त्याहून मोठी अडचण "नाव बदलून" या शब्दांची. निघालेल्या बिलावर नाव खोडून नवं घालता येत नाही. जुनं बिल रद्द करायचं आणि नवं काढायचं, एवढंच आमच्या हातात असतं. म्हणून मागणी त्याच शब्दांत करा : "जुने बिल रद्द करून नवे बिल द्यावे." हे वाक्य वाचलं की मेल मालकाकडे न जाता थेट अकाउंटंटकडे जाते.

जीएसटी सर्टिफिकेटचा फोटो जोडा, पण नंबर मेलमध्ये टाइप करूनही द्या. फोटोवरून १५ अक्षरं उतरवताना शून्य आणि O, एक आणि I यांची गल्लत होते.

निमिष
एवढं कशाला? दुकानदाराने जुन्या बिलाची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट काढायची आणि नवं बिल द्यायचं, संपलं. आणि ग्राहक नोंदणीकृत असेल तर त्याचा जीएसटी नंबर बिलावर घालणं कायद्याने बंधनकारकच आहे. मेलमध्ये जीएसटीच्या नियम ४६ चा उल्लेख ठोकून द्या.

हिशेबनीस
निमिष, अर्धं बरोबर आहे. नियम ४६ नुसार नोंदणीकृत खरेदीदाराचा नंबर बिलावर हवाच, पण विक्रीच्या वेळी तो सांगितलाच नसेल तर दुकानाची चूक कशी म्हणणार? आपली विसर असताना कायद्याची भाषा वापरली की समोरचा हात आखडतो. ती ओळ गाळा आणि "खरेदीच्या वेळी कंपनीचा नंबर द्यायचा राहिला" हे सरळ कबूल करा.

क्रेडिट नोटबद्दल : जीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये माल परत येणं, किंमत किंवा कर जास्त लागणं, माल सदोष निघणं अशी कारणं आहेत. चुकीच्या नावाचं बिल त्यात सरळ बसत नाही. व्यवहारात अनेक जण काढतात, पण ग्राहकाने ती मागू नये. कुठली पद्धत वापरायची ते त्यांच्या सीएला ठरवू द्या.

खरी कळ तारखेत आहे. दरमहा रिटर्न भरणाऱ्या दुकानाचा जुलैचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, साधारण ११ ऑगस्टपर्यंत जातो. त्याआधी मागितलं तर जुनं बिल रद्द, नवं बिल बी-टू-बी मध्ये, म्हणजे नोंदणीकृत ग्राहकांच्या विक्रीत, काम संपलं. रिटर्न गेल्यावर मागितलं तर जुलैची किरकोळ विक्री दुरुस्तीत कमी करायची आणि नवं बिल वेगळं दाखवायचं. कर तेवढाच राहतो, मेहनत वाढते. म्हणून "अर्जंट" लिहू नका, "जुलैचा जीएसटीआर-१ भरण्यापूर्वी" असं लिहा. त्याला घाईचं कारण कळतं.

शुभदा_क
मग "त्याच तारखेचं" हे शब्द ठेवायचे का?

हिशेबनीस
काढून टाका. पाच कोटींवर उलाढाल असलेल्या दुकानाला कंपनीच्या नावाचं बिल ई-इन्व्हॉइस पोर्टलवर चढवावं लागतं. उलाढाल दहा कोटी किंवा जास्त असेल तर ३० दिवसांपेक्षा जुन्या तारखेचं बिल पोर्टल स्वीकारतच नाही. हा नियम १ एप्रिल २०२५ पासून आहे. चढवलेलं बिल पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतं, म्हणून नंबर आणि नाव पहिल्याच फटक्यात अचूक हवं. नाव सर्टिफिकेटवर असतं तसंच लिहा, बोलीतलं नको. बिल नव्या तारखेचं आलं तरी क्रेडिटला बाधा नाही. ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे कंपनीला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, दिसलं पाहिजे, हे महत्त्वाचं.

मांडवीकाठ
माझं थोडं वेगळं आहे. पणजीच्या हॉटेलचं बिल माझ्या नावावर आहे आणि कंपनी मुंबईची. हीच मेल चालेल का?

हिशेबनीस
चालेल, पण क्रेडिट मिळणार नाही. हॉटेलच्या खोलीची सेवा जिथे हॉटेल आहे तिथलीच धरतात, म्हणजे गोव्याचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. महाराष्ट्राच्या, २७ ने सुरू होणाऱ्या नोंदणीवर तो घेता येत नाही. गोव्यात कंपनीची ३० ची नोंदणी असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर खर्चाच्या नोंदीपुरतं कंपनीच्या नावाचं बिल घ्या.

काउंटरवरून
एक अडचण कुणी लिहिली नाही. लॅपटॉप ब्रँडच्या ईएमआय सवलतीत घेतला असेल तर ती सवलत बिल आणि सिरियल नंबरला बांधलेली असते. बिल रद्द केलं तर सवलतीचा दावा अडकू शकतो आणि त्याचा भुर्दंड दुकानाला. अशा वेळी नकार आला तर तो आडमुठेपणा समजू नये. मेल करण्याआधी पैसे कसे दिले ते तपासा आणि कार्डाचे शेवटचे ४ आकडे लिहा. आमची स्वाइप नव्या बिलाला जोडताना ते लागतात.

शुभदा_क
सगळं घालून मसुदा असा झाला :

"विषय : बिल क्र. ____, दि. २४ जुलै, रद्द करून कंपनीच्या नावे नवे बिल मिळण्याबाबत

महोदय,
वरील बिलाने एक लॅपटॉप (सिरियल क्र. ____) ७०,८०० रुपयांस घेतला. तो आमच्या कंपनीच्या वापरासाठी आहे. खरेदीच्या वेळी कंपनीचा जीएसटी क्रमांक द्यायचा माझ्याकडून राहिला, त्यामुळे बिल माझ्या नावे निघाले. रक्कम माझ्या कार्डाने दिली (शेवटचे आकडे ____), कंपनी मला ती परत देणार आहे.
जुलैचा जीएसटीआर-१ भरण्यापूर्वी हे बिल रद्द करून पुढील तपशिलाने नवे बिल द्यावे, ही विनंती. नव्या बिलाची तारीख आपल्या सोयीची चालेल.
कंपनीचे नाव : ____
जीएसटी क्रमांक : 27____
पत्ता : ____
नव्या बिलावर वरील सिरियल क्रमांक यावा. मूळ बिल परत करण्यास तयार आहे. जीएसटी सर्टिफिकेट आणि कंपनीचे पत्र सोबत जोडले आहे."

हिशेबनीस
चांगलं आहे. सिरियल नंबरची ओळ राहू द्या, वॉरंटी त्यावरच चालते. कंपनीच्या पत्रात "ही खरेदी कंपनीसाठी आहे" एवढंच हवं, सही आणि शिक्क्यासह. घरच्या वापराची वस्तू असेल तर मात्र हे पत्र देऊच नये. वैयक्तिक वापराच्या मालावर क्रेडिट नाही.

निमिष
पण हे सगळं करूनही दुकानाने नाही म्हटलं तर? त्याला भाग पाडता येतं की नाही?

हिशेबनीस
माझ्या मते विक्रीनंतर नाही. इथे दुसरे सीए वेगळं सांगतील, त्यांनी आधारासह लिहावं. माल न वापरता परत घेऊन पुन्हा विकायला दुकान तयार असेल तर तो मार्ग मोकळा आहे, कारण माल परत आला की क्रेडिट नोट नियमात बसते.

काउंटरवरून
सीलबंद असेल तरच. खोका उघडला की आमच्याकडे तो परत घेत नाहीत.