मदत हवी आहे: हृदयाच्या आकृतीतल्या बाणांना क्रमांक कसे द्यावेत?

नमस्कार मंडळी. आठवीच्या वर्गासाठी कार्डशीटवर हृदयाची नावं दिलेली आकृती काढते आहे. बाण असे: १ महाशिरांतून उजव्या अलिंदात, २ त्रिदली झडपेतून उजव्या निलयात, ३ फुफ्फुस-धमनीतून फुफ्फुसांकडे, ४ फुफ्फुस-शिरांतून डाव्या अलिंदात, ५ द्विदली झडपेतून डाव्या निलयात, ६ महाधमनीतून शरीरभर. ३ आणि ६ च्या तोंडाशी अर्धचंद्राकृती झडपा आहेत. फुफ्फुस-धमनी मुद्दाम निळी रंगवली. ती हृदयापासून दूर नेते म्हणून धमनी, रक्तात ऑक्सिजन कमी असला तरी.

अडलंय क्रमांकांपाशी. कच्ची आकृती पाहून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आधी उजवी बाजू आकुंचन पावते, मग डावी." तिचं काय चुकलं? क्रमांक तेच सांगतात. हा क्रम रक्ताच्या एका थेंबाच्या प्रवासाचा आहे. ठोक्यात मात्र २ आणि ५ एकाच वेळी घडतात, आणि ३ व ६ सुद्धा. शिवाय ३ व ६ च्या वेळी त्रिदली आणि द्विदली झडपा बंद असतात (ठोक्याचा पहिला आवाज त्यांचाच), आणि माझ्या आकृतीत चारही झडपा उघड्या आहेत!

शेजारी शेजारी दोन आकृत्या काढू, की एकाच आकृतीत जोडीच्या बाणांना सारखी खूण करू? वर्गात कोणी करून पाहिलं असेल तर मुलांना काय समजलं ते कृपया सांगा.