व्हॉइसमेल कसा लावायचा? फोन करणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं – सल्ला हवा

वाळपईकर
नमस्कार मंडळी. वाळपईजवळ कुळागरात दोन खोल्यांचा होमस्टे आहे. घरात फायबरचं वायफाय चांगलं चालतं, पण खाली पोफळींत उतरलं की मोबाईलची रेंज जाते. तेवढ्या वेळात फोन करणाऱ्या पाहुण्याला 'व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे' असं ऐकू येतं आणि तो दुसरीकडे बुकिंग करून मोकळा होतो. मला एवढंच हवंय की त्याला माझ्या आवाजात दोन वाक्यं ऐकू यावीत, त्याने नाव आणि तारीख सांगावी, आणि मी वर आल्यावर ते ऐकावं. अँड्रॉइड फोन आहे, दोन सिम. फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'व्हॉइसमेल नंबर' हा रकाना रिकामा आहे. तिथे काय भरायचं? खर्च महिना २०० रुपयांपर्यंत.

म्हापशेकर_संदेश
व्हॉइसमेल आता कोण ऐकतं? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, त्यात 'अवे मेसेज' लावा. मी तेच वापरतो, एक पैसा लागत नाही.

एक्स्चेंजवाले_काका
संदेश, अवे मेसेज हा मेसेज पाठवणाऱ्याला जातो. साधा फोन लावणाऱ्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, आणि विचारलंय ते फोनबद्दल.

वाळपईकर, त्या रकान्यात काहीही भरलं तरी फोन करणाऱ्याला फरक पडणार नाही. सगळा घोळ इथेच होतो. तो नंबर फक्त तुमच्या सोयीचा असतो: कीपॅडवर १ दाबून धरलं की फोन तो नंबर लावतो आणि तुम्ही साठलेले निरोप ऐकता. फोन करणाऱ्याला त्या पेटीपर्यंत नेण्याचं काम कॉल फॉरवर्डिंग करतं, आणि ते फोनमध्ये नव्हे तर कंपनीच्या नेटवर्कमध्ये नोंदलेलं असतं. म्हणून तर फोन बंद असतानाही ते चालतं. तुमच्या नंबरापुढे 'हा सापडला नाही तर कॉल अमुक नंबरावर वळव' अशी नोंद असेल तर कॉल वळतो. नोंद नसेल तर नेटवर्ककडे ऐकवायला स्वतःची तयार ध्वनिफीत तेवढी असते, आणि तीच तुमच्या पाहुण्याला ऐकू येते.

आधी नोंद आहे का ते बघा. मोबाईल डेटा चालू ठेवून प्रत्येक सिमवरून हे डायल करा:

```
*#62#
*#61#
```

पहिला कोड 'संपर्क होत नसेल तर' यासाठी, दुसरा 'घंटा वाजून उचलला नाही तर' यासाठी. स्क्रीनवर काय येतं ते इथे लिहा. आणि १९८ ला फोन करून थेट विचारा की तुमच्या प्लॅनवर व्हॉइसमेलची पेटी मिळते का. आपल्याकडे बहुतेक प्रीपेड सिमवर ती आपोआप नसते. पेटीच नसेल तर तिचा नंबर शोधत बसण्यात अर्थ नाही.

पेडणे_प्रसाद
काकांना अनुमोदन, फॉरवर्डिंग लागतंच. पण एक विचारा, पाहुण्यांना 'स्विच ऑफ' ऐकू येतं की 'क्षेत्राबाहेर'? 'स्विच ऑफ' येत असेल तर फोन खरोखरच बंद पडतोय. बॅटरी बदला.

एक्स्चेंजवाले_काका
प्रसाद, अर्धं बरोबर आहे. बटण दाबून फोन बंद केला किंवा विमान मोड लावला की फोन जाता जाता नेटवर्कला 'मी चाललो' असं कळवतो, आणि लगेच 'स्विच ऑफ'ची फीत लागते. पोफळींत रेंज गेली तर फोन काहीच कळवू शकत नाही. नेटवर्क त्याला शेवटच्या ठिकाणी हाका मारत राहतं, उत्तर येत नाही, मग 'क्षेत्राबाहेर' वाजतं. फीत लागण्याआधी पाहुण्याला काही सेकंद नुसती शांतता ऐकू येते ती यामुळे. पण फोन बराच वेळ गप्प राहिला की नेटवर्क त्याला स्वतःहून गैरहजर धरतं, आणि पुढे काही ठिकाणी त्यालाही 'स्विच ऑफ'च ऐकवतात. तेव्हा फितीवरून बॅटरीचं निदान करू नका.

वाळपईकर
काका, बघितलं. सिम १ वर दोन्हीकडे Not forwarded. सिम २ वर *#62# ला एक अनोळखी नंबर दिसतोय, तो मी कधीच टाकलेला नाही. १९८ वर सांगितलं की दोन्ही प्लॅनवर व्हॉइसमेल नाही.

साखळीची_स्मिता
अनोळखी नंबर म्हणजे फोन हॅक झालाय! ताबडतोब ##002# करा. माझ्या भावाच्या ग्रुपवर हेच आलं होतं.

एक्स्चेंजवाले_काका
स्मिताताई, थांबा. *#62# ला दिसणारा नंबर बहुतेक वेळा कंपनीच्या मिस्ड कॉल अलर्टच्या यंत्राचा असतो. रेंजमध्ये परत आल्यावर 'अमुक नंबरावरून इतके कॉल आले' असा एसएमएस येतो तो त्याच नोंदीमुळे. वाळपईकर, सिम २ वर असे एसएमएस येतात का? येत असतील तर उत्तर मिळालं. खात्री हवी तर तो नंबर १९८ ला वाचून दाखवा. ##002# ने सगळ्याच नोंदी पुसल्या जातात, अलर्टही बंद पडू शकतो.

काळजी करायची ती *#21# ला नंबर दिसला तर. म्हणजे प्रत्येक कॉल घंटा न वाजताच दुसरीकडे जातोय, ओटीपीचे कॉलसुद्धा. कुणा अनोळखी माणसाने *401* ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगितला तर करू नका. याच फसवणुकीमुळे दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवरचं, म्हणजे कोड डायल करून लावायचं कॉल फॉरवर्डिंग बंद करायला लावलं होतं.

वाळपईकर
होय, सिम २ वर तसे एसएमएस येतात. मग तोच असणार. पाहुण्यांकडे नंबर सिम १ चा आहे.

फोंड्याचे_देसाई
मग सिम १ लँडलाइनवर वळवा आणि लँडलाइनला रेकॉर्डिंगवाला कॉर्डलेस लावा. आमच्या दुकानात पॅनासॉनिकचा आहे, उत्तम चालतो. फायबर आहे म्हणता ना? त्या डब्याच्या मागे फोनच्या वायरीची खाच असते, नंबर चालू करून घ्या. मग सिम १ वरून:

```
**62*+91832XXXXXXX#
```

०८३२ मधला शून्य काढून +९१ लावायचं, पुढे सात आकडे. रद्द करायला ##62#. कोड चालला नाही तर फोन अ‍ॅपच्या कॉल फॉरवर्डिंगमध्ये जाऊन 'संपर्क नसताना' इथे तोच नंबर भरा.

आवाज भरताना आधी होमस्टेचं नाव सांगा, मग 'नाव, तारीख आणि किती माणसं ते बीपनंतर सांगा'. लांबवू नका. निरोप बाहेरूनही ऐकता येतात: लँडलाइनला फोन लावायचा, तुमचं स्वागत वाजत असताना आपला गुप्त आकडा दाबायचा. हा आकडा आधी यंत्रावर ठरवून ठेवावा लागतो. त्यात 'टोल सेव्हर' ही सोय बघून घ्या. नवा निरोप असेल तर यंत्र दोन घंटांत उचलतं, नसेल तर जास्त घंटा वाजू देतं. तिसरी घंटा ऐकू आली की निरोप नाही समजून फोन ठेवायचा.

एक्स्चेंजवाले_काका
देसाईबाब, पद्धत चोख. एक भर घालतो: टोल सेव्हरमुळे निरोप नसताना यंत्र उशिरा उचलतं, आणि पाहुण्याने आधीच शांततेत काही सेकंद घालवलेले असतात. होमस्टेसाठी ते बंद ठेवून 'दोन घंटा' असं पक्कं करा. उचलला न जाणाऱ्या कॉलसाठीही वळवायचं असेल तर वेळ देता येते, ५ ते ३० सेकंद, पाचाच्या पटीत:

```
**61*+91832XXXXXXX*11*20#
```

वीस सेकंद ठेवा. तीस ठेवले तर यंत्र उचलेपर्यंत माणूस फोन ठेवतो.

पेडणे_प्रसाद
आणि पावसात वीज गेली की? सत्तरी तालुक्यात काय होतं ते माहीत आहे. फायबरचा डबा आणि कॉर्डलेस दोन्ही मरणार, मग पुन्हा तीच फीत. इन्व्हर्टर घ्या चांगला. आमच्याकडे दोन बॅटऱ्यांचा आहे.

तारवटी_मडगाव
आम्हां बोटीवरच्या लोकांसाठी पण सांगा. परदेशात रोमिंगवर असताना हे लावलं तर बिल फुगतं का?

एक्स्चेंजवाले_काका
फोन कुठेच नोंदलेला नसेल, भर समुद्रात, तर कॉल भारतातूनच वळतो, रोमिंग लागत नाही. पण बंदरात परदेशी नेटवर्क धरलं आणि घंटा वाजून उचलला नाही, तर कॉल तिथपर्यंत जाऊन परत येतो आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. म्हणून निघण्याआधी ##61# आणि 'फोन व्यस्त असेल तर' यासाठीचं ##67# करा, 62 राहू द्या. वळवलेल्या कॉलचा पुढचा भाग भारतातही तुमचा आउटगोइंग धरला जातो. रिचार्ज संपून आउटगोइंग बंद झालं की वळवणंही थांबतं. हे वाळपईकरांनीही ध्यानात ठेवावं.

साखळीची_स्मिता
एवढ्या भानगडीपेक्षा क्लाउड नंबर घ्या ना. मेनू, रेकॉर्डिंग, सगळं ईमेलवर येतं. आम्ही ऑफिसला घेतलाय.

पेडणे_प्रसाद
२०० रुपयांत?

काणकोण_रेश्मा
कुणी दुसऱ्या सिमबद्दल बोललंच नाही. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असलं की दुसरं तेवढा वेळ नेटवर्कवरून गायब होतं. तुम्ही सिम २ वर बोलत असाल तर सिम १ लावणाऱ्याला घरात बसूनही 'क्षेत्राबाहेर' ऐकू येईल, 'व्यस्त' नाही. सगळा दोष पोफळींचा नसेल. आणि घरात असताना सिम १ ला 'वायफाय कॉलिंग' चालू करा, कंपनी देत असेल तर. टॉवर नसला तरी वायफायवर घंटा वाजते, वेगळे पैसे नाहीत.

एक्स्चेंजवाले_काका
रेश्माताई, हे माझ्याकडून राहिलं होतं, अगदी बरोबर. बोलणं संपल्यावर दुसरं सिम परत येतं, पण तेवढ्यात आलेला कॉल 62 च्या नोंदीनेच वळतो, 67 ने नाही. म्हणून 62 महत्त्वाची.

वाळपईकर
सगळ्यांचे मनापासून आभार. वायफाय कॉलिंग चालू केलं, घरात आता घंटा वाजते. पण यंत्र नाही घेत. वीज जाते तो मुद्दा पटला, आणि पाहुण्याला यंत्रापेक्षा माणूस बरा वाटेल असं वाटतं. फोंड्याला वहिनी असते, तिच्याकडे वही ठेवलीय. सिम १ वरून **62* करून तिचा नंबर टाकला. एकच शंका उरली. फोन बंद करून तीन जणांकडून कॉल करवला, दोघांचा वहिनीकडे गेला. तिसरा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, त्याला अजून फीतच ऐकू येते.

एक्स्चेंजवाले_काका
वहिनींच्या फोनवर *#62# आणि *#67# तपासा. तिथे तुमचाच नंबर असेल तर कॉल गोल फिरून तुटतो. ते नसेल तर तिसऱ्या माणसाला फितीचे शब्द नीट ऐकायला सांगा, तुमच्या नंबराबद्दल बोलतेय की वहिनींच्या. त्या क्षणी वहिनींचा फोन दुसऱ्या कॉलवर असेल तरी असं होतं.

म्हापशेकर_संदेश
मी अजूनही म्हणेन, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस.

वाळपईकर
वहिनीच्या फोनवर दोन्हीकडे Not forwarded. तिसऱ्याला माझ्याच नंबराची फीत लागते. त्याच्याकडून उद्या दुसऱ्या सिमने परत लाववून बघतो, मग लिहितो.