नेट रांगतंय, ओंकारचा पेपर ११ ला (सोसायटी ग्रुपवरून)

सुनीता (ए-४०३), १०:०८
कुणाचं नेट गेलंय का? ओंकारचा ११ ला ऑनलाइन पेपर आहे, कॅमेरा सतत चालू ठेवायचाय. आमच्याकडे साधं पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागतायत. राउटर दोनदा बंद-चालू करून झाला.

मीनल (ए-४०१), १०:०९
आमचं व्यवस्थित चालू आहे गं. कंपनी तुमचीच.

प्रकाश (बी-२०४), १०:१०
मागे बारीक भोक असतं, त्यात पिन घाला. रीसेट होईल.

जोशी काका (ए-००२), १०:११
पिन अजिबात घालू नका!! सगळी सेटिंग्ज पुसली जातील, मग ११ काय, संध्याकाळपर्यंत नेट येणार नाही. लिफ्ट बंद आहे, चार मजले माझ्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. इथूनच सांगतो. ओंकार, लॅपटॉपवर हे दोन टाक:

```
ping -n 20 192.168.1.1
ping -n 20 8.8.8.8
```

पहिला तुझ्या राउटरपर्यंत जाऊन परत येतो, दुसरा बाहेर जाऊन. बिघाड घरात वाय-फायमध्ये आहे की पुढच्या लाइनवर, ते कळेल.

ओंकार (ए-४०३), १०:१५
पहिल्यात २० पैकी २० आले, २-३ मिलिसेकंदांत. दुसऱ्यात `Lost = 5 (25% loss)`.

जोशी काका, १०:१६
म्हणजे वाय-फाय निर्दोष. जागा बदलून, राउटरजवळ बसून काही होणार नाही. गळती राउटरच्या पलीकडे आहे. आणि मीनलचं नीट चालतंय, तेव्हा इमारतीपर्यंतची मुख्य तारही ठीक असणार. उरली फक्त तुमच्या घरात येणारी फायबर.

प्रकाश, १०:१७
पण LOS चा लाल दिवा लागलाय का? नसेल तर फायबर ठीक असते ना?

ओंकार, १०:१७
लाल नाही. PON हिरवा, स्थिर.

जोशी काका, १०:१९
तिथेच माणूस फसतो. लाल दिवा फायबरमधून येणारा प्रकाश जवळजवळ गेल्यावरच लागतो. प्रकाश नुसता मंद झाला तर दिवा हिरवाच राहतो आणि डेटा मात्र गळत राहतो. लॅपटॉप गळलेलं पुन्हा मागवतो, म्हणून सगळं रांगतं. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघड, पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर असतो. Rx Power शोध, डब्यात किती प्रकाश पोचतोय त्याचा आकडा.

सचिव, १०:२०
दुपारी टाकी धुणार आहेत, १ ते ३ पाणी बंद.

ओंकार, १०:२४
सापडलं. `-29.2 dBm`

जोशी काका, १०:२५
हं. या डब्यांना साधारण −२७ पर्यंत चालतं, त्याखाली गडबड. डब्याच्या मागून निघणारी पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी बघ. कुठे वाकलीय का, दबलीय का? टोक मात्र काढू नकोस. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण त्यात डोकावायचं नसतं.

सुनीता, १०:२९
काका, सापडलं आणि हसावं की रडावं कळेना. कॅमेऱ्यात मागे कोरी भिंत दिसावी म्हणून काल रात्री आम्हीच टेबल भिंतीला लावलं. दोरी टेबलाचा पाय आणि भिंत यांच्यामध्ये चेंगरलीय, अगदी काटकोनात.

जोशी काका, १०:३०
टेबल उचला, सरकवू नका. दोरी अलगद मोकळी करा आणि बशीएवढं वेटोळं करून ठेवा. फायबर वाकली की प्रकाश त्या वळणावर बाहेर निसटतो. तुटलेली नसेल तर वळण सुटताच आकडा सुधारेल.

ओंकार, १०:३४
−20.1!!! आणि दुसऱ्या पिंगमध्ये २० पैकी २०.

जोशी काका, १०:३६
छान. आकडा ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. म्हणजे मघाशी आत्ताच्या आठव्या हिश्श्यावर काम चाललं होतं तुमचं. तरी मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेव, लॅपटॉप आधीच एकदा जोडून बघ. मात्र मध्येच नेट बदललं तर पेपर चालतो का, ते नियमांत वाच.

मीनल, १०:३७
ऑल द बेस्ट ओंकार 🙏

सुनीता, १:४८
झाला पेपर, एकदाही अडकला नाही. काका, दोरीवर दाब पडला तिथे पांढरट रेघ दिसतेय. चालेल का?

जोशी काका, १:५२
आज चालेल. पण चेंगरलेली दोरी पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही. कंपनीत तक्रार करा, ही दोरी, म्हणजे पॅच कॉर्ड, बदलून हवी म्हणा आणि −29.2 हा आकडा सांगा. नुसतं ‘नेट स्लो’ म्हटलंत तर ते पुन्हा राउटर बंद-चालू करायला सांगतील.

प्रकाश, १:५३
ओंकार, पेपर कसा गेला ते सांग की!

ओंकार, १:५५
अवघड होता. यात नेटचा दोष नाही 😅