पाकीट फोडलं की हात का थांबत नाही?

अमळनेरचा बाप: नववीतला पोरगा एका कळण्याच्या भाकरीत पोट भरलं म्हणतो आणि तासाभरात मक्याच्या कुरकुरीत नळ्यांचं मोठं पाकीट एकटा संपवतो. मला ही शिस्तीची कमी वाटते. तुमचं मत?

जळगाव, फरसाणवाला: बरोबर बोललात भाऊ. मीठ, तेल, साखर जिथे जास्त, तिथे हात जाणारच. त्यात पाकिटाचा काय दोष?

चोपड्याचा मेकॅनिक: मी अशा नळ्यांच्या मशीनवर सहा वर्षं काढलीत. मक्याचा रवा जेमतेम ओला करून स्क्रूने दाबतात. तो तापतो आणि बारीक भोकातून बाहेर पडताच आतल्या पाण्याची वाफ होऊन नळी फुगते. नंतर ती वाळवून वर तेल-मसाला. जिभेवर ठेवली की विरते, दातांना कामच नाही. भाकरीचा घास चावावा लागतो, शिवाय तिच्यात पाणी असतं. नळीत पाणी नसल्यासारखंच आणि वर तेल, म्हणून 100 ग्रॅममध्ये 500च्या वर कॅलरी. पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत पाकीट रिकामं.

आणि नुसतं मीठ-साखर म्हणाल तर 2019 मध्ये अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी 20 जणांना दवाखान्यात ठेवून पाहिलं. दोन आठवडे कारखानी जेवण, दोन आठवडे साधं. वाढलेल्या ताटात साखर, मीठ, तेलतूप, चोथा सारखाच, खायचं मनाला येईल तेवढं. चव दोन्हींची सारखीच आवडली, तरी कारखानी जेवणात रोज सुमारे 500 कॅलरी जास्त गेल्या. खाल्लंही भराभर. दोन आठवड्यांत वजन साधारण 900 ग्रॅम वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं.

जळगाव, फरसाणवाला: 20 माणसं, तीही कोंडलेली! घरात असं होईलच कशावरून? आणि माझी शेव बेसन, तेल, मिठाची. तीही लोक थांबता थांबत नाहीत.

चोपड्याचा मेकॅनिक: दोन्ही मुद्दे मान्य. ब्राझीलचे संशोधक मोंतेरो यांनी खाण्यावर किती कारखानी प्रक्रिया झाली त्यावरून वर्गवारी केलीय, तिच्यात तुमची शेव अति-प्रक्रियेच्या खान्यात बसत नाही, पण तीही कोरडी नि तेलकट. मला खाण्याचा वेग महत्त्वाचा वाटतो, पण नेमकं कारण काय यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

नंदुरबारची सून: सासूबाईंना शुगर आहे. त्यांना डायजेस्टिव्ह बिस्किटं चालतील ना?

चोपड्याचा मेकॅनिक: ताई, नावावर जाऊ नका, मागची यादी वाचा. बहुतेकांत मैदा आणि साखर असतेच. किती द्यायची ते डॉक्टरांना विचारा.

अमळनेरचा बाप: काल घड्याळ लावलं. 40 ग्रॅम नळ्या चार मिनिटांत गेल्या. आज तेवढ्याच वजनाचे भाजलेले बिबडे दिले. अकराव्या मिनिटाला निम्मे ताटात होते आणि पोरगा म्हणाला, जबडा दुखला. शिस्तीचा हट्ट मी पुरता सोडलेला नाही, पण मोठं पाकीट आणणं बंद केलंय.

जळगाव, फरसाणवाला: बिबडे त्याला आवडत नसतील भो! माझी शेव देऊन बघा, मग बोलू.