मदत हवी आहे: स्प्लिट-स्क्रीन फोन कॉलचा सीन जुळत नाहीये
शॉर्टफिल्ममधला सीन आहे, डावीकडे आई मालवणच्या घरात विळीवर नारळ खवतेय, उजवीकडे मुलगा परळच्या खोलीत शर्टाला इस्त्री करतोय. दोघांच्या नजरा मधल्या रेषेकडे, लेन्स सेम. आईचं शूट आधी झालं, मग तिच्या खवण्याचा आवाज मुलाच्या कानात लावून इस्त्री त्याच लयीत फिरवली, हात जुळतात पण अख्खा सीन तसाच चालला की कवायत वाटते, म्हणून आता बाबांचा विषय निघाला की फक्त तेव्हाच दोघांचे हात एकदम थांबवतोय. अडकलोय आवाजात. समुद्राची गाज आणि ट्रॅफिक दोन्ही फुल ठेवले की संवाद बुडतात. बोलणाऱ्याच्या बाजूचा आवाज वर घ्यायचा, की दोन्हीकडे गाजच चालू ठेवायची? कोणी केलंय का असं?