मदत हवी आहे: चपलेची मऊ सावली ठेवायची की बॅकग्राउंडसोबत काढायची?

कोल्हापुरी चपलांचे फोटो पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात काढलेत. पेन टूलने फक्त चप्पल कापली की ती हवेत तरंगते, कारण टाच टेकते तिथली बारीक गडद रेघही जाते. सावलीसकट कापली तर पांढऱ्यावर छान दिसते, पण लाल बॅनरवर तिच्याभोवती कागदाचा फिकट डाग उमटतो. सावली वेगळ्या लेयरवर मल्टिप्लाय केल्यावर लालवरही नीट बसली. मात्र पारदर्शक पीएनजीत मल्टिप्लाय टिकत नाही आणि दुकानाला तीच फाइल हवीय. तयार ड्रॉप शॅडो नको, ती चपलेच्या आकाराशी जुळत नाही. जोड विकले गेलेत, त्यामुळे फोटो पुन्हा काढणं शक्य नाही.

आता पसरलेली सावली बॅकग्राउंड धरून फक्त टेकलेली रेघ ठेवू, की सगळी सावली मास्क करून अर्धपारदर्शक काळ्यात बदलू? आणि बदलली तर तिची बाहेरची कड कुठे तुटल्यासारखी न दिसता पूर्ण पांढऱ्यात, म्हणजे 255 मध्ये, कशी विरवायची?